रेकॉर्ड, प्रेझेंट आणि सोडून द्यायचा स्वर

प्रश्न : रेकॉर्ड, प्रेझेंट असे शब्द नाम असतील तर पहिल्या अक्षरावर आणि क्रियापद असतील तर दुसऱ्या अक्षरावर जोर द्यायचा, हा नियम मला पाठ आहे. मी तसा जोर देतोही, तरी ऐकणारा अडखळतो. माझे नेमके काय चुकते, आणि हा नियम सगळ्याच शब्दांना लागतो का?

उत्तर : जोर बहुतेक वेळा बरोबर जागीच पडलेला असतो, चूक दडलेली असते ती जोर नसलेल्या अक्षरात. मी अनेक वर्षे प्रौढ विद्यार्थ्यांना इंग्रजी उच्चार शिकवतो आहे आणि या जोड्यांपाशी आलेले बहुतेक विद्यार्थी एकच गोष्ट करताना दिसतात. आघाताचे अक्षर ते मोठ्याने म्हणतात आणि उरलेले अक्षर मात्र पूर्ण स्वरासह, जसेच्या तसे ठेवतात. अशा वेळी इंग्रजी कानाला एक सबळ आणि एक दुबळे अक्षर ऐकू न येता दोन सबळ अक्षरे ऐकू येतात. मग हा शब्द नाम आहे की क्रियापद, हे ठरवण्यासाठी त्याला पुढचे-मागचे शब्द चाचपावे लागतात आणि तेवढा वेळ तो अडखळतो. म्हणून या जोड्या शिकताना जोर कुठे द्यायचा यापेक्षा स्वर कुठे सोडून द्यायचा, याकडे लक्ष द्यावे असे माझे ठाम मत आहे.

पुढे जाण्यापूर्वी लेखनाची सोय सांगतो. इथे अक्षर म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. आघात ज्या अक्षरावर आहे त्याच्या आधी मी ˈ अशी खूण करतो. इंग्रजी शब्दकोशांतही हीच खूण याच जागी असते, त्यामुळे ती डोळ्यांच्या सवयीची झालेली बरी. दुबळा स्वर मी बहुतेक ठिकाणी साध्या ‘अ’ने दाखवतो आणि त्यात एक मोठी अडचण आहे, ती पुढे येईलच.

आता प्रेझेंट हा शब्द जवळून पाहू. नाम म्हणून, म्हणजे भेटवस्तू किंवा वर्तमानकाळ या अर्थी, त्याचा उच्चार ˈप्रे-झन्ट असा होतो. ‘हजर’ या अर्थाचे विशेषणही अगदी असेच उच्चारले जाते. क्रियापद म्हणून, म्हणजे सादर करणे या अर्थी, तो प्रि-ˈझेन्ट होतो. आघात पहिल्या अक्षरावरून दुसऱ्यावर गेला एवढेच इथे घडलेले नाही, दोन्ही स्वर बदलले आहेत. नामातला पहिला ‘ए’ क्रियापदात आखूड, सैल ‘इ’ झाला आणि नामात जवळजवळ नाहीसा झालेला दुसरा स्वर क्रियापदात स्पष्ट ‘ए’ होऊन उभा राहिला. सहज बोलताना नामातला तो दुसरा स्वर इतका क्षीण होतो की ‘झ’नंतर जीभ थेट ‘न’वर जाते आणि ‘प्रेझ्न्ट’ असे ऐकू येते.

याच्या शेजारी आपण मराठीत रूढ केलेला ‘प्रेझेंट’ हा उच्चार ठेवून पाहावा. त्यातला पहिला ‘ए’ इंग्रजी नामातला आहे आणि दुसरा ‘ए’ इंग्रजी क्रियापदातला. दोन्ही शब्दांचे सबळ अर्धे घेऊन आपण एक तिसराच शब्द जोडला आहे. मराठीत त्याने काही बिघडत नाही, कारण मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. पण इंग्रजी बोलताना हाच साचा तोंडात राहिला, तर पहिल्या ‘प्रे’वर कितीही जोर दिला तरी दुसरा ‘झें’ ‘मी क्रियापद आहे’ असे सांगत राहतो आणि दुसऱ्यावर जोर दिला तरी पहिला ‘प्रे’ ‘मी नाम आहे’ असे सांगत राहतो. आपला श्रोता ज्या दोन संकेतांमध्ये अडकतो, ते हेच.

इंग्रजीतल्या या दुबळ्या स्वराला ध्वनिशास्त्रात ‘श्वा’ म्हणतात. जीभ तोंडाच्या मध्यभागी निवांत पडलेली, ओठ ना गोल ना पसरलेले, जबडा अगदी थोडा उघडा, अशा स्थितीत केवळ आवाज सोडला की तो निघतो. आपला ऱ्हस्व ‘अ’ त्याच्या फार जवळचा आहे. म्हणजे हा स्वर आपल्याला नव्याने शिकायचा नाही, तो वापरण्याची जागा तेवढी ओळखायची आहे. काही शब्दांत श्वाऐवजी आखूड ‘इ’ हा दुबळा स्वर म्हणून येतो. ‘प्रिझेन्ट’मध्ये तो आहे, रेकॉर्डच्या क्रियापदातही आहे, आणि अनेक अमेरिकन वक्ते तिथेही थेट श्वाच वापरतात. या दोहोंतला कोणता वापरला यावरून सहसा घोटाळा होत नाही, दुबळा स्वर दुबळा राहिला म्हणजे झाले.

रेकॉर्ड या शब्दाची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि शिकवताना तो नेहमी पहिले उदाहरण म्हणून घेतला जातो याचे मला वाईट वाटते, कारण तो सोपा नाही. क्रियापद सगळीकडे सारखे आहे : रि-ˈकॉर्ड, त्यात ‘कॉ’ लांब, आणि ब्रिटिश उच्चारात ‘र्’ ऐकूच येत नाही. नाम मात्र दोन प्रकारचे आहे. अमेरिकेत ते ˈरे-कर्ड होते. दुसऱ्या अक्षरातला ‘ऑ’ पूर्णपणे विरघळून ‘र्’च्या रंगाचा एक दुबळा ‘अ’ उरतो. ब्रिटिश उच्चारात नाम ˈरे-कॉड असे, दुसरा स्वर शाबूत ठेवून, केले जाते. म्हणजे ब्रिटिश जोडीत बदलतो तो केवळ पहिल्या अक्षराचा स्वर, आणि अमेरिकन जोडीत दोन्ही अक्षरांचे. विद्यार्थी एका ध्वनिफितीत एक ऐकतो, दुसरीत दुसरे ऐकतो आणि नियमावरचा त्याचा विश्वास उडतो. वास्तविक दोन्ही ठिकाणी नियम तोच आहे, फक्त तो किती खोलवर उतरला यात फरक आहे.

या फरकातूनच सर्वांत उपयोगी गोष्ट हाती लागते. अशा बऱ्याच जोड्या एकत्र मांडल्या, तर क्रियापदातले पहिले अक्षर फार मोठ्या प्रमाणात दुबळे होते, पण नामातले दुसरे अक्षर आघात गेल्यावरही पुष्कळदा आपला स्वर राखून असते, असे दिसते. करार या अर्थाचे नाम ˈकॉन्-ट्रॅक्ट आहे; त्यातल्या ‘ट्रॅक्ट’वर आघात नाही, तरी ‘ॲ’ पूर्ण उच्चारला जातो. आकसणे या अर्थाचे क्रियापद मात्र कन्-ˈट्रॅक्ट आहे, त्यातल्या ‘कॉन्’चे ‘कन्’ झालेच पाहिजे. शेतातल्या उत्पादनासाठी नाम ˈप्रॉ-ड्यूस, आणि निर्माण करणे या अर्थी प्र-ˈड्यूस. ‘ड्यूस’मधला दीर्घ ‘ऊ’ दोन्हीकडे तसाच. प्रकल्प म्हणजे ˈप्रॉ-जेक्ट, पुढे फेकणे किंवा अंदाज बांधणे म्हणजे प्र-ˈजेक्ट. वस्तू म्हणजे ˈऑब्-जेक्ट, हरकत घेणे म्हणजे अब्-ˈजेक्ट. दोन्ही अक्षरे बदलणाऱ्या जोड्या त्यामानाने थोड्या आहेत. प्रेझेंट त्यांतली एक. बंडखोर या अर्थी ˈरे-बल आणि बंड करणे या अर्थी रि-ˈबेल, वाळवंट या अर्थी ˈडे-झर्ट आणि सोडून जाणे या अर्थी डि-ˈझर्ट, या तशाच आणखी दोन.

याचा अर्थ असा की आपल्याला कष्ट घ्यायचे आहेत ते मुख्यतः एकाच जागी : क्रियापदाच्या पहिल्या अक्षरात. तिथे बहुतेक वेळा कॉन, प्रो, रे, ऑब, सब, पर यांसारखा लॅटिन उपसर्ग बसलेला असतो, आणि आपण तो लिखाणात दिसतो तसा भरघोस उच्चारतो. ‘प्रो’चा ‘प्र’ करा, ‘कॉन’चा ‘कन’ करा, आणि दुसऱ्या अक्षरावर मुद्दाम जोर न देताही तो आपोआप तिथे ऐकू येऊ लागतो, कारण दोन अक्षरांपैकी एक खाली बसले की दुसरे वर दिसतेच.

आता ‘अ’ची ती अडचण. इंग्रजीतले तीन वेगळे स्वर आपण देवनागरीत एकाच ‘अ’ने लिहितो. एक श्वा, दुसरा ‘कप’, ‘बस’ या शब्दांतला उघडा, सबळ स्वर, आणि तिसरा ‘बर्ड’, ‘नर्स’ यांतला लांब स्वर. यांपैकी फक्त पहिला दुबळा आहे. त्यामुळे काही जोड्या देवनागरीत लिहिल्या की डोळ्यांना फरकच दिसत नाही. विषय या अर्थाचे नाम ˈसब्-जेक्ट आणि भाग पाडणे या अर्थाचे क्रियापद सब्-ˈजेक्ट. लिहिताना ‘सब्’ दोन्हीकडे तोच, पण नामातला ‘अ’ म्हणताना जबडा चांगला खाली येतो आणि क्रियापदातला म्हणताना तो जवळजवळ हलत नाही. परवाना या अर्थाचे ˈपर्-मिट यातला स्वर लांब ओढलेला आहे, परवानगी देणे या अर्थाच्या पर्-ˈमिट यातला स्वर निमिषभराचा. वाळवंटाच्या जोडीतही ‘झर्ट’ नामात दुबळे आहे आणि क्रियापदात लांब, सबळ आहे, आणि वर मी दोन्ही एकसारखेच लिहिले, कारण आपल्या लिपीत दुसरा पर्याय नाही. वर्तन या अर्थाचे ˈकॉन्-डक्ट यात तर आणखी एक फसवणूक आहे : ‘डक्ट’मधला ‘अ’ पाहून विद्यार्थी तो दुबळा समजतात आणि गिळून टाकतात, पण तो ‘कप’मधला पूर्ण स्वर आहे आणि नामातही तो पूर्णच उच्चारायचा असतो. म्हणून देवनागरीत उच्चार लिहून ठेवणाऱ्यांना माझे सांगणे असते की दुबळ्या ‘अ’खाली एक टिंब द्यावे, म्हणजे वहीत तरी हे तीन स्वर एकमेकांत मिसळणार नाहीत. तपासायचे असेल तर हनुवटीखाली बोट आडवे धरावे. दुबळ्या अक्षरावर हनुवटीने बोट खाली ढकलले, तर तो स्वर अजून सबळ आहे असे समजावे.

काही जोड्यांत मात्र फक्त आघात सरकतो, स्वर बदलत नाहीत. इम्पोर्ट, इन्सल्ट, इन्क्रीज हे त्यांतले नेहमीचे. इम्पोर्टच्या पहिल्या अक्षरात आधीच आखूड ‘इ’ आहे, त्यामुळे आघात गेल्यावर तिथे बदलण्यासारखे फारसे काही उरत नाही. ट्रान्सपोर्टचे पहिले अक्षर भारदस्त आहे आणि ते आघाताशिवायही आपला स्वर सहसा सोडत नाही. अशा शब्दांत फरक राहतो तो लांबीचा, आवाजाच्या उंचीचा आणि थोडाफार मोठेपणाचा. यांपैकी मोठेपणाला आपण सर्वाधिक महत्त्व देतो, आणि नेमके तेच सर्वांत कमी कामाचे आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले ध्वनिशास्त्रज्ञ डेनिस फ्राय यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ऑब्जेक्ट, सब्जेक्ट, कॉन्ट्रॅक्ट, परमिट अशाच जोड्या कृत्रिम आवाजात तयार करून त्यांतल्या स्वरांची लांबी आणि आवाजाचा मोठेपणा वेगवेगळा ठेवून त्या लोकांना ऐकवल्या होत्या. ऐकणाऱ्यांचा कौल मोठेपणापेक्षा लांबीने अधिक फिरला. म्हणजे आघाताचे अक्षर ओरडून म्हणण्यापेक्षा किंचित रेंगाळून म्हटलेले बरे.

स्वर न बदलणाऱ्या जोड्यांत चूक झाली तर श्रोता फारसा गोंधळत नाही, हेही इथे सांगितले पाहिजे, म्हणजे श्रम योग्य ठिकाणी खर्च होतील. भाषा-मानसशास्त्रज्ञ ॲन कटलर यांनी १९८६ मध्ये ‘फोरबेअर’ या शब्दावरचा एक प्रयोग मांडला. पहिल्या अक्षरावर आघात असेल तर त्याचा अर्थ पूर्वज, दुसऱ्यावर असेल तर संयम राखणे. दोन्हींत स्वर मात्र पूर्णच राहतात. यांपैकी कोणताही उच्चार ऐकवला तरी इंग्रजी भाषकांच्या मनात क्षणभर दोन्ही अर्थ जागे होतात, असे त्यांना आढळले. स्वर बदलत नसेल तर केवळ आघात सरकल्याने शब्द झटकन वेगळा पडत नाही. मग आपल्या तोंडून ‘इन्क्रीज’ किंवा ‘इम्पोर्ट’ यांचा आघात हुकला, तर वाक्य ते सावरून घेते. प्रेझेंट, रेकॉर्ड, ऑब्जेक्ट, प्रोड्यूस यांचे स्वर हुकले, तर मात्र सावरायला वेळ लागतो.

एका विद्यार्थ्याबरोबर हे कसे केले ते सांगतो. दूरध्वनीवरून परदेशी ग्राहकांशी बोलणारे एक अभियंते माझ्याकडे आले होते. ‘आम्ही प्रत्येक कॉल ध्वनिमुद्रित करतो आणि त्याची नोंद ठेवतो’ अशा अर्थाचे त्यांचे रोजचे वाक्य होते, आणि त्यात रेकॉर्ड हा शब्द दोनदा येई : आधी क्रियापद, मग नाम. त्यांचे म्हणणे मी ध्वनिमुद्रित केले, दोन्ही ‘रेकॉर्ड’ कापून वेगळे काढले आणि मूळ वाक्य न ऐकलेल्या एका सहकारी शिक्षिकेला ऐकवले. तिने दोन्ही नाम म्हणून ओळखले. अभियंत्यांना हे पटेना, कारण क्रियापदाच्या ‘कॉर्ड’वर त्यांनी मनापासून जोर दिला होता, आणि तो ऐकूही येत होता. मग आम्ही Praat या विनाशुल्क मिळणाऱ्या ध्वनिविश्लेषणाच्या प्रणालीत तो तुकडा घेतला, View & Edit ने उघडला आणि दोन्ही स्वरांचे पट्टे एकामागून एक निवडून त्यांची लांबी पाहिली. क्रियापदात ‘रे’चा ‘ए’ त्यांच्या नामातल्या ‘ए’एवढाच रुंद, ठळक आणि स्थिर होता. ‘कॉर्ड’ मोठा झाला होता, पण ‘रे’ तसूभर लहान झाला नव्हता.

दुरुस्ती आम्ही शेवटाकडून केली. आधी फक्त ‘कॉर्ड’, सावकाश आणि लांबवून. मग त्याच्या आधी स्वर न लावता नुसता ‘र्’, म्हणजे ‘र्कॉर्ड’, एकाच अक्षराचा शब्द असावा तसा. हे जमल्यावर त्या ‘र्’ आणि ‘क’ यांच्यामध्ये जितका स्वर आपोआप शिरेल तितकाच शिरू द्यायचा, स्वतःहून घालायचा नाही. असा शिरलेला स्वर हाच बरोबर दुबळा स्वर असतो. इथे ते एकदा घसरले : दुबळा ‘इ’ म्हणण्याच्या प्रयत्नात ‘री-कॉर्ड’ असा दीर्घ ‘ई’ आला. ही चूक साधी नाही, कारण इंग्रजीत ठळक ‘री’ म्हणजे ‘पुन्हा’. रि-ˈकव्हर म्हणजे बरे होणे किंवा परत मिळवणे, आणि तोच शब्द ‘री’ ठळक करून म्हटला की पुन्हा आच्छादणे. प्रेझेंटमध्येही ‘प्री’ लांबला, तर ‘आधी’ या अर्थाच्या उपसर्गाचा भास होतो. म्हणून ‘इ’ आखूड येत नसेल, तर त्याऐवजी ‘अ’ म्हणावा. र-ˈकॉर्ड हे री-ˈकॉर्ड यापेक्षा केव्हाही जवळचे आहे.

शब्द बसल्यावर त्याच्या आजूबाजूचे लहान शब्द जोडले. क्रियापदाआधी पुष्कळदा ‘टु’ येतो आणि तोही दुबळाच असतो. त्यामुळे ‘ट-रि-ˈकॉर्ड’ अशी दोन हलकी पावले आणि तिसरे जड, अशी चाल होते. नामाआधी ‘अ’ किंवा ‘द’ येतो आणि लगेच जड पाऊल पडते : ‘द-ˈरे-कर्ड’. या दोन चाली पाठ झाल्या की प्रत्येक नव्या जोडीचा साचा तयार मिळतो, ‘टु’ लावला की क्रियापद आणि ‘द’ लावला की नाम. काही दिवसांनी पुन्हा कापून ऐकवलेले दोन तुकडे त्या शिक्षिकेने लगेच वेगळे ओळखले, आणि पडद्यावर क्रियापदातल्या पहिल्या स्वराची एक बारीक चीर तेवढी उरली होती. हा प्रयोग कोणालाही करता येतो. अट एवढीच की ऐकणाऱ्याला वाक्य माहीत नसावे, कारण वाक्य ऐकले की माणूस अर्थावरून उत्तर देतो, उच्चारावरून देत नाही.

नाम आणि क्रियापद अशी वाटणी का व्हावी, असा प्रश्न जिज्ञासूंना पडतोच. याची मुळे जुनी आहेत. जुन्या इंग्रजीतही उपसर्ग नामात आघात घेत आणि क्रियापदात घेत नसत. पुढे फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेल्या शब्दांनाही हळूहळू तीच चाल लागली. पीटर लेव्हिन्स यांच्या १५७० च्या यमककोशात अशा जोड्या तीनच आढळतात : आउटलॉ, रेबेल आणि रेकॉर्ड. १८०० च्या सुमारास त्या सत्तरच्या आसपास होत्या, आणि १९३४ पर्यंत दीडशेच्या घरात गेल्या होत्या. वाक्याची चालही याला हातभार लावते. नामाआधी ‘अ’, ‘द’ असे हलके शब्द येतात, त्यामुळे पुढचे अक्षर जड असले तर हलके-जड अशी लय सांभाळली जाते. क्रियापदाच्या शेवटी ‘इंग’सारखे हलके प्रत्यय लागतात, आणि आघात त्यांच्या लगेच आधी असला की तीच लय टिकते. शब्द शतकानुशतके ज्या शेजारात वापरला गेला, त्या शेजाराचा आघात त्याच्या अंगी मुरला, असे म्हणता येईल.

ही वाढ अजून चालू असल्याने नियम सगळ्या शब्दांना लागत नाही, आणि अति लावला तर नव्या चुका होतात. रिपोर्ट, कंट्रोल, रिस्पेक्ट, रिप्लाय, डिले यांचे नाम आणि क्रियापद दोन्ही दुसऱ्या अक्षरावरच आघात घेतात. नियम नुकताच शिकलेले विद्यार्थी नाम म्हणून ‘ˈरे-पोर्ट’ म्हणू लागतात, ते चूक आहे, दोन्हीकडे रि-ˈपोर्टच. उलट कॉमेंट, व्हिजिट, प्रॉमिस, आन्सर यांत दोन्हीकडे पहिल्या अक्षरावर आघात आहे, त्यामुळे क्रियापद म्हणून ‘क-ˈमेंट’ केल्यास तेही चुकते. दोन अक्षरी शब्दांमध्ये न सरकणारे शब्द सरकणाऱ्यांहून कितीतरी जास्त आहेत. काही शब्द कुंपणावर आहेत : रिसर्च, ॲड्रेस, ट्रान्सफर, प्रोटेस्ट यांत एकाच देशातले सुशिक्षित लोकही वेगवेगळे उच्चार करतात, आणि परमिट हे नाम काही अमेरिकन लोक दुसऱ्या अक्षरावर आघात देऊनही म्हणतात. तिथे एक पर्याय निवडून त्याला चिकटून राहावे. प्रगती या अर्थाच्या नामात ब्रिटिश ˈप्रो-ग्रेस म्हणतात आणि अमेरिकन ˈप्रॉ-ग्रेस. क्रियापद मात्र दोघांचेही प्र-ˈग्रेस असे, दुबळ्या पहिल्या अक्षराचे आहे.

साधित शब्दांकडे वेगळे पाहावे लागते. ‘इंग’, ‘एड’, ‘अर’ हे प्रत्यय क्रियापदाला लागलेले असतात, म्हणून शब्द नामासारखा वापरला तरी उच्चार क्रियापदाचाच राहतो : रि-ˈकॉर्-डिंग, रि-ˈकॉर्-डर, प्रि-ˈझेन्-टर, प्र-ˈड्यू-सर. ‘रेकॉर्डिंग’ हे नाम आहे म्हणून त्यात ‘रे’वर आघात द्यावा, हा तर्क इथे चालत नाही. ‘प्रेझेंटेशन’ यात मात्र ‘शन’च्या प्रत्ययाने मुख्य आघात तिसऱ्या अक्षरावर ओढून घेतला आहे. त्यामुळे पहिल्या अक्षराला दुय्यम आघात मिळतो आणि नामातला ‘ए’ परत येतो, तर क्रियापदात ठळक असलेला ‘झेन्’ दुबळा पडतो : प्रे-झन्-ˈटे-शन. अमेरिकेत पहिल्या अक्षरात दीर्घ ‘ई’ आणि दुसऱ्यात स्पष्ट ‘ए’ असाही उच्चार सर्रास ऐकू येतो. प्रेझन्ट, प्रिझेन्ट, प्रिझेन्टर, प्रेझन्टेशन हे चार शब्द ओळीने म्हणून पाहिले, तर दुबळा स्वर एका अक्षरातून दुसऱ्यात कसा फिरतो ते आपल्याच तोंडात कळते.

नवी जोडी भेटली की शब्दकोशात नाम आणि क्रियापद या दोन्ही नोंदी स्वतंत्रपणे उघडाव्यात. पहिल्यांदा ˈ ही खूण दोन्हीकडे एकाच जागी आहे का ते पाहावे. असेल, तर तो शब्द रिपोर्टच्या किंवा कॉमेंटच्या गटातला आहे आणि पुढे काही करायचे नाही. खूण सरकलेली असेल, तर क्रियापदाच्या पहिल्या अक्षरात उलट्या इंग्रजी ‘e’सारखे दिसणारे श्वाचे चिन्ह आहे का ते शोधावे. ते किंवा आखूड ‘इ’चे चिन्ह तिथे असेल आणि नामात त्या जागी दुसरा स्वर असेल, तर वहीत त्या अक्षराखाली टिंब द्यावे आणि सराव तिथेच करावा. शेवटी नामाचे दुसरे अक्षर पाहावे. तिथेही श्वा असेल तर तो शब्द प्रेझेंटच्या छोट्या गटातला आहे, आणि नसेल तर ते अक्षर आघाताशिवाय, पण पूर्ण स्वरासह म्हणावे.